एकच पुट, दोन मार्जिन: 4 जून 2024 ची केस

ही केस माझ्या घरातलीच आहे. माझा मेहुणा सांगलीला असतो, मी पुण्यात, आणि आम्ही दोघं निफ्टीचे ऑप्शन विकतो. 3 जून 2024, सोमवार. एक्झिट पोल शनिवारी येऊन गेलेले, बाजार नुसता उधाणलेला, निफ्टी त्या दिवशी 23,263.90 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी आणि गुरुवारी म्हणजे 6 जूनला वीकली एक्सपायरी. त्या दुपारी आम्ही दोघांनी एकच पुट विकला, 22,500 चा, तीच एक्सपायरी, दोघांचे 8-8 लॉट. तेव्हा निफ्टीचा लॉट 25 चा होता, म्हणजे 200 क्वांटिटी. फरक एवढाच की त्याने तो नेकेड, म्हणजे खाली कुठलंही संरक्षण न घेता विकला आणि मी खाली 22,200 चा पुट हेज म्हणून विकत घेऊन ठेवला. निफ्टीचे सगळे आकडे खरे आहेत, प्रीमियमचे मात्र हिशोब सोपा व्हावा म्हणून मी गोल केलेत. 22,500 चा पुट 60 ला विकला आणि 22,200 चा 35 ला घेतला असं धरा.

त्याच्या हातात आले 12 हजार. माझ्या हातात 12 हजार येऊन त्यातले 7 हजार हेजला गेले, राहिले 5 हजार. संध्याकाळी त्याचा फोन आला, "दाजी, तुम्ही निम्म्याहून जास्त प्रीमियम उगाच वाटून टाकला, उद्या सरकार येतंय, बावीस पाचशे तुटतंय कुठं." मी त्याला म्हटलं की तुझं मार्जिन किती अडकलंय ते सांग. त्याचे जवळपास 4 लाख अडकले होते, माझे दीड लाख. हे त्याला माहीत होतं, पण त्याच्या लेखी तो फक्त कॅपिटल किती लागतं एवढाच प्रश्न होता, पैसे आहेत तर लावले, बास. मार्जिनचा तो आकडा उद्या तेवढाच राहील का हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना पडत नाही.

तर आधी तो 4 लाखांचा आकडा येतो कुठून ते बघू. आपल्याकडे एफ अँड ओ चं मार्जिन दोन तुकड्यांत असतं, स्पॅन आणि एक्स्पोजर. स्पॅन ही पद्धत मूळची शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजची, 1988 सालची. ती तुमच्या पोझिशनला एकच प्रश्न विचारते: बाजार एवढा वर गेला, एवढा खाली गेला, व्होलॅटिलिटी वाढली, कमी झाली, अशा 16 परिस्थितींत सगळ्यात वाईट नुकसान कुठे होतं आणि किती? जे सगळ्यात वाईट तेवढे पैसे बाजूला ठेवा. बाजार किती हलवून बघायचा ती रेंज क्लिअरिंग कॉर्पोरेशन व्होलॅटिलिटी बघून ठरवतं. मी इथे समजायला सोपं म्हणून 10 टक्के धरतो, प्रत्यक्षात ती इकडेतिकडे असते.

आता 23,264 चे 10 टक्के खाली म्हणजे साधारण 20,938. तिथे 22,500 च्या पुटची किंमत कमीत कमी 1,562 होणार. गुणिले 200 म्हणजे 3 लाख 12 हजार. हा झाला स्पॅनचा भाग. दुसरा भाग एक्स्पोजरचा, इंडेक्स ऑप्शन विकला की काँट्रॅक्टच्या पूर्ण किमतीच्या 2 टक्के. 23,264 गुणिले 200 म्हणजे साडेशेहेचाळीस लाखांचा काँट्रॅक्ट, त्याचे 2 टक्के 93 हजार. एकूण 4 लाख 5 हजार. त्याच्या अकाउंटला 4 लाख 60 हजार होते, वर 12 हजार प्रीमियम जमा झाला, म्हणजे 4 लाख 72 हजार. मोकळे राहिले 67 हजार. हा 67 हजारांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

माझं गणित बघा. त्याच 20,938 वर माझा विकलेला पुट 1,562 चा झाला तर माझा घेतलेला 22,200 चा पुटही 1,262 चा होतो. दोघांतला फरक 300. निफ्टी 20,000 ला गेला तरी फरक 300 च, 18,000 ला गेला तरी 300 च. म्हणजे स्पॅनने 16 परिस्थिती लावून बघितल्या तरी खालच्या बाजूला त्याला 300 गुणिले 200 म्हणजे 60 हजारांच्या पुढचं काही सापडतच नाही. त्यात एक्स्पोजरचे 93 हजार मिळवले की 1 लाख 53 हजार. माझ्या अकाउंटला 2 लाख 10 हजार होते, निव्वळ प्रीमियम धरून 2 लाख 15 हजार.

इथे एक गोष्ट नवीन माणसाला हमखास खटकते, मलाही सुरुवातीला खटकली होती. माझं जास्तीत जास्त नुकसान किती? 60 हजारांतून मिळालेले 5 हजार वजा, म्हणजे 55 हजार. मग एक्स्चेंज माझ्याकडून दीड लाख का मागतं? कारण हेजमुळे स्पॅन कमी होतो, एक्स्पोजर होत नाही. एक्स्पोजरला तुमच्या हेजशी देणंघेणं नाही, सौद्यातली एक बाजू म्हणजे लेग, विकलेला लेग आहे म्हणजे 2 टक्के द्यायचे. अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून शिकलेल्यांचा इथे गोंधळ उडतो, कारण तिकडच्या साध्या मार्जिन अकाउंटमध्ये क्रेडिट स्प्रेडला, म्हणजे माझ्यासारख्या एक विकून एक घेतलेल्या जोडीला, दोन स्ट्राइकमधलं अंतर वजा मिळालेला प्रीमियम एवढंच धरतात, म्हणजे जास्तीत जास्त नुकसान तेवढंच मार्जिन. ते गणित इथे लावलं तर तुम्ही 55 हजार घेऊन बसाल आणि ऑर्डर रिजेक्ट होईल. आणि आपल्याकडे हेजला एवढा फायदा मिळायला लागला तोही 1 जून 2020 पासून, सेबीने मार्जिनची चौकट बदलली तेव्हा. त्याआधी लोक नेकेड विकायचे यात आश्चर्य नाही, स्प्रेड करून मार्जिन फारसं वाचतच नव्हतं.

आता मंगळवार, 4 जून. कल यायला लागले आणि बाजार जो खाली सुटला तो सुटलाच. निफ्टीने दिवसात 21,281.45 चा तळ दाखवला आणि 21,884.50 ला बंद झाला, एका दिवसात जवळपास 6 टक्के. बाजाराला पुढे किती चढउताराची धास्ती आहे ते दाखवणारा इंडिया व्हिक्स 31 च्या वर जाऊन आला.

मेहुण्याच्या बाबतीत काय झालं ते बारकाईने सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की स्टॉपलॉस नव्हता म्हणून तो मेला. तसं नाही. त्याचे मोकळे पैसे होते 67 हजार. पुट 60 वरून 395 वर गेला की 335 गुणिले 200, बरोबर 67 हजार संपले. निफ्टी तेव्हा अजून 22,400 च्या आसपासच होता, म्हणजे स्ट्राइकच्या जेमतेम 100 पॉइंट खाली. तिथून पुढचा प्रत्येक रुपया तो मार्जिनसाठी ठेवलेल्या पैशांतून खात होता. ब्रोकरचा मेसेज आला, मार्जिन शॉर्टफॉल, पैसे भरा नाहीतर पोझिशन कापू. त्याने बँकेतून 50 हजार टाकायचा प्रयत्न केला, ते अकाउंटला दिसेपर्यंत पुट 700 च्या पुढे निघून गेला होता. मला फोनवर त्याचा आवाज ऐकून पोटात गोळा आला. तो सारखं एकच म्हणत होता, "दाजी, हा परत वर येणार बघा, मला फक्त थांबू द्या." पण थांबायचं की नाही हे त्याच्या हातात नव्हतंच. ब्रोकरच्या रिस्क टीमने 1,080 ला पोझिशन काढून टाकली. 1,020 गुणिले 200, 2 लाख 4 हजार गेले.

यात एक बारीक मुद्दा आहे. पीक मार्जिनचे, म्हणजे दिवसातलं सगळ्यात जास्त मार्जिन पकडायला, दिवसभरात जे स्नॅपशॉट घेतात त्यात सकाळचेच पॅरामीटर धरतात, त्यामुळे बाजार पडला म्हणून दिवसातल्या दिवसात दंडाच्या हिशोबाचं मार्जिन उसळत नाही. हे ऐकून काही जण निर्धास्त होतात की चला, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पण ब्रोकर त्या स्नॅपशॉटवर थांबत नाही. त्याला दिसतो तुमचा चालू तोटा, आणि तुमचे पैसे संपले तर पुढचा तोटा त्याच्या खिशातून जाणार असतो, म्हणून तो आधीच कापतो. त्यात ब्रोकरची चूक होती असं मी म्हणणार नाही, अकाउंट उघडताना सही केलेल्या कागदावर ते लिहिलेलं असतं.

त्याच वेळी माझ्या स्क्रीनवर काय होतं ते सांगतो. निफ्टी तळाला, 21,300 च्या आसपास. वरची ओळ, 22,500 चा पुट 1,250, तोटा 2 लाख 38 हजार, लालभडक. खालची ओळ, 22,200 चा पुट 960, फायदा 1 लाख 85 हजार, हिरवा. दोन्ही मिळून तोटा 53 हजार. म्हणजे जो जास्तीत जास्त व्हायचा तो जवळपास झालेला होता, आणि त्यानंतर निफ्टी आणखी हजार पॉइंट पडला असता तरी माझे फार तर आणखी 2 हजार गेले असते. मोकळे 62 हजार होते, त्यातून 53 हजार वजा झाले तरी खातं जागेवर होतं. ब्रोकरचा मेसेज नाही, फोन नाही.

पण तो हिरवा आकडा फार वाईट असतो हो. 35 ला घेतलेली वस्तू 960 ला आहे, 1 लाख 85 हजारांचा फायदा समोर लिहिलाय, बोट आपोआप तिकडे जातं. मनात येतं की हा फायदा बुक करू, बाजार इथून उसळला की वरचा पुटही स्वस्त होईल, मग दोन्हीकडून कमाई. आणि मागे वळून बघितलं तर त्या दिवशी ते बरोबर ठरलं असतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या क्षणी काय होतंय ते समजून घ्या. तो लेग विकला की माझा स्प्रेड संपला, उरला तो नेकेड पुट, तोही आता हजारभर पॉइंट आत गेलेला. विकून 1 लाख 92 हजार जमा होतील, खात्यात 4 लाख 7 हजार दिसतील. संध्याकाळी नव्या भावावर मार्जिन लागेल तेव्हा स्पॅन परत तोच प्रश्न विचारणार: 21,884 वरून आणखी 10 टक्के पडला तर? 19,696. तिथे 22,500 चा पुट 2,804 चा. गुणिले 200, 5 लाख 61 हजार, वर एक्स्पोजर 87 हजार, एकूण साडेसहा लाखांना दोन हजार कमी. माझ्याकडे 4 लाख 7 हजार. म्हणजे जवळपास 2 लाख 41 हजारांची तूट. तूट 1 लाखाच्या वर किंवा लागणाऱ्या मार्जिनच्या 10 टक्क्यांच्या वर गेली की दंड रोजचा 1 टक्का, त्याखाली असेल तर अर्धा टक्का, आणि हेज आपणच मोडल्यामुळे आलेल्या तुटीचा दंड ब्रोकर आपल्याकडून वसूल करू शकतो. दंड तसा 2,400 रुपयेच झाला असता. खरी भीती ही की दुसऱ्या दिवशी सकाळी मीही मेहुण्याच्या जागी उभा असतो, पोझिशन ठेवायची की नाही हे दुसरं कुणीतरी ठरवणार. मी हात लावला नाही.

आता या केसमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा. 4 जूनच्या संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर, दोन्ही पोझिशनला किती मार्जिन लागत होतं? नेकेड पुट असता तर वर काढलं तेच, 6 लाख 48 हजार. आदल्या दिवशी तो 4 लाख 5 हजार होता. आणि हे मी रेंज 10 टक्केच धरून सांगतोय, व्होलॅटिलिटी वाढली की रेंजही वाढते, तेव्हा खरा आकडा याच्याही वर. माझ्या स्प्रेडला मात्र स्पॅन तेच 60 हजार, एक्स्पोजर निफ्टी खाली आल्यामुळे 93 वरून साडेसत्त्याऐंशी हजार, एकूण 1 लाख 47 हजार 500. म्हणजे पोझिशन तोट्यात गेली त्या दिवशी माझं मार्जिन पाच-सहा हजारांनी कमी झालं आणि त्याचं अडीच लाखांनी वाढलं असतं. नेकेडचं मार्जिन तुम्ही हरत असता तेव्हाच वाढतं, कारण पुट जसा आत जातो तसा पुढच्या पडझडीचा जवळजवळ प्रत्येक पॉइंट पूर्णपणे तुमच्या अंगावर येतो, सुरुवातीला लांब असताना तसा येत नव्हता.

बुधवारी निफ्टी 22,620.35 ला बंद झाला. गुरुवारी, एक्सपायरीला, 22,821.40. म्हणजे 22,500 चा पुट शून्य झाला. मेहुण्याचं मत बरोबर होतं. त्याने विकलेला पुट शेवटी फुकट गेला, आणि तरी त्याचे 2 लाख 4 हजार गेले. माझेही दोन्ही पुट शून्य झाले, मला 5 हजार मिळाले. एकच मत, एकच स्ट्राइक, एकच एक्सपायरी. त्याच्याकडे आणखी पावणेदोन-दोन लाख मोकळे असते आणि ब्रोकरने कापलं नसतं तर त्याला माझ्यापेक्षा जास्त, पूर्ण 12 हजार मिळाले असते. पण 12 हजारांसाठी साडेसहा-सात लाखांची तयारी लागते हे सोमवारी स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, तिथे 4 लाख लिहिलं होतं.

याचा अर्थ स्प्रेड म्हणजे फुकटचा पैसा असं कुणी घेऊ नका. माझा सौदा 5 हजारांसाठी 55 हजार लावायचा होता, अकरा पट. निफ्टी गुरुवारी 22,200 च्या खाली राहिला असता तर ते 55 हजार पूर्ण गेले असते, आणि तसे आठवडे येतात. मार्जिन कमी लागतं म्हणून लोक लॉट वाढवतात, ही तर फारच वाईट सवय. मेहुण्याने 4 लाखांत स्प्रेडचे 20 लॉट घेतले असते तर जास्तीत जास्त नुकसान 1 लाख 37 हजार झालं असतं, नेकेडच्या तोट्याच्या फार मागे नाही.

दुसरी एक सवय म्हणजे लांबचा, 2-4 रुपयांचा पुट घेऊन मार्जिन वाचवायचं. ते कितपत वाचतं ते याच आकड्यांवर बघा. हेज 21,500 ला घेतला असता तर अंतर 1,000, स्पॅन 2 लाख, एक्स्पोजर धरून 2 लाख 93 हजार. आणि 20,500 ला घेतला असता तर? स्पॅन 20,938 पर्यंत पाडून बघतं, तिथे 20,500 चा पुट अजून पैशात आलेलाच नाही, त्यात फक्त वेळेची आणि व्होलॅटिलिटीची थोडी किंमत उरते, तेवढीच सूट. हेज स्पॅनच्या रेंजच्या आत जेवढा जवळ तेवढं मार्जिन कमी, आणि तेवढाच प्रीमियम जास्त जातो. ती किंमत मोजूनच स्प्रेड मिळतो.

ऑर्डर टाकताना आधी घ्यायचा लेग, मग विकायचा. उलटं केलं तर मधल्या काही सेकंदांसाठी सिस्टिमच्या लेखी तुम्ही नेकेड असता, माझ्या 2 लाख 15 हजारांच्या खात्यात विकायची ऑर्डर सरळ रिजेक्टच झाली असती. हेजचा प्रीमियम रोखीत लागतो, गहाण ठेवलेल्या शेअरवर तो भरता येत नाही, हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा ऑर्डर अडकल्यावरच कळतं. बाहेर पडताना आधी विकलेला परत घ्यायचा, मग हेज विकायचा. बास्केट ऑर्डर लावली तरी लेगचा क्रम तपासा, आणि दोन्ही लेग पूर्ण भरले का तेही बघा, विकलेले 200 भरले आणि हेजचे 125 च भरले तर 75 नेकेडच आहेत.

एक बदल या केसनंतरचा आहे. 20 नोव्हेंबर 2024 पासून एक्सपायरीच्या दिवशी त्या दिवशी संपणाऱ्या विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर आणखी 2 टक्के लागतात, आणि एक्स्पोजरसारखंच इथेही हेज आहे म्हणून सूट नाही. माझी हीच पोझिशन आज असती तर एक्सपायरीच्या दिवशी दीड लाखांऐवजी 2 लाख 40 हजारांच्या आसपास लागले असते, आणि माझ्या 2 लाख 15 हजारांत ती बसली नसती. म्हणजे एक्सपायरीला नेकेड आणि स्प्रेडमधली टक्केवारीतली दरी थोडी कमी होते, आणि एक्सपायरीपर्यंत स्प्रेड धरायचा असेल तर ते 2 टक्के पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवावे लागतात. तसंच 1 फेब्रुवारी 2025 पासून एक्सपायरीच्या दिवशी कॅलेंडर स्प्रेडचा फायदा त्या दिवशी संपणाऱ्या लेगला मिळत नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्याचा पुट घेऊन या आठवड्याचा विकला असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी उठून बघाल तर मार्जिन नेकेडचं लागलेलं असेल.

मेहुणा दोन महिने बाजारात आला नाही. ऑगस्टमध्ये त्याने परत सुरू केलं, 2 लॉटचा स्प्रेड. पोझिशन टाकायच्या आधी तो मला दोन आकडे पाठवतो, आज लागणारं मार्जिन आणि निफ्टी उद्या 6 टक्के पडला तर लागणारं मार्जिन. ते दोन्ही तो कागदावर स्वतः काढतो, ब्रोकरच्या कॅल्क्युलेटरवर पहिलाच आकडा दिसतो.